प्लॅस्टिकच्या डब्याला बसलेला तर्रीचा रंग आणि न जाणारा वास

मृण्मयी_ठाणे

घरात क्लिपांचे, झाकणात रबरी रिंग असलेले तीन प्लॅस्टिकचे डबे आहेत. नवरा रोज ऑफिसला नेतो. तिघांचं दुखणं वेगवेगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्यात बहुतेक मटकीची उसळ नाहीतर फोडणीचं वरण जातं. तो आतून सगळीकडे सारखा पिवळा पडलाय. दुसऱ्यात मिसळीचा कट गेला होता आणि ऑफिसात डब्यासकट मायक्रोवेव्हमध्ये गरम झाला. त्याचा तळ स्वच्छ आहे, पण काठाच्या बोटभर खाली आतून गोल केशरी पट्टा उमटलाय आणि तिथे नख फिरवलं की खरखर लागतं. तिसऱ्यात सुक्या बोंबलाची चटणी गेली होती. त्याला डाग नाही, पण घासून, वाळवून, झाकण लावून ठेवला की दुसऱ्या दिवशी उघडताना वास पुन्हा हजर.

भांड्यांचं लिक्विड, गरम पाणी, हिरवी घासणी, सगळं करून झालं. स्टीलचे डबे आहेत घरात, पण ऑफिसात गरम करून खायचं असतं आणि लोकलच्या गर्दीत काचेचा डबा द्यायला जीव धजत नाही. डबे चांगल्यापैकी महाग आहेत, टाकायचे नाहीत. कोणाला खात्रीचं काही माहीत आहे का?

सुमनताई_जोशी

अगं सोपं आहे. डब्यात चमचाभर खायचा सोडा टाक, वरून अख्खं लिंबू पीळ. फसफसून येईल तेव्हा झाकण न लावता दहा मिनिटं ठेव आणि घास. हळदीचा डाग साबणाने लाल होतो बघ, त्यावर लिंबू लागलं की लाली लगेच जाते. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच करतात. वासालाही हेच.

पक्या_मिरज

आमच्याकडं पण हाच ताप आहे. डब्याची पिशवी कायम तेलकट. मी पिशवीत तळाला जुना टॉवेल घालतो आणि पिशवी धुताना डागावर आधी खडू चोळतो, तेल ओढून घेतो खडू. तर्री डब्यातनं गळायचीच, त्याला इलाज नाही.

मृण्मयी_ठाणे

पक्यादादा, गळत नाहीये हो, डबा घट्ट बसतो. डाग डब्याला आतून आहेत. पण खडूचं पिशवीसाठी लक्षात ठेवते.

साचेवाला

मी चाकणला मोल्डिंगच्या कामात आहे, असे डबे आणि झाकणं रोज मशीनमधून निघताना बघतो. त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी डब्याच्या बुडाला उलटं करून बघा. बाणांच्या त्रिकोणात ५ आकडा असेल तर तो पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. मायक्रोवेव्हला चालतील म्हणून विकले जाणारे बहुतेक डबे याचेच असतात. या प्लॅस्टिकची जात तेलाशी जुळणारी आहे. पाणी त्याला चिकटत नाही, तेल मात्र त्यावर पसरतं आणि गरम असेल तर थोडं आतही मुरतं. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात छान विरघळतो. मिरचीचा आणि टोमॅटोचा लाल रंगही तसाच. म्हणजे रंगाला आत घेऊन जाणारं वाहन तेल आहे. तुम्ही साबणाने वरचं तेल काढता, आत गेलेला रंग साबणाला सापडत नाही. घासणीने तर उलटं होतं, बारीक ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी तेलाला बसायला जास्त जागा मिळते. हिरवी घासणी आणि तारेचा काथ्या या डब्यांना लावूच नका.

सुमनताईंच्या उपायाबद्दल. हळद साबणाने लाल होते हे बरोबर, कारण साबण आणि सोडा दोन्ही अल्कली, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाचे. हळदीला चुना लागला की कुंकू होतं तीच गोष्ट. लिंबू पिळल्यावर ती परत पिवळी होते. लाली जाते, हळद जागेवरच राहते, आणि पांढऱ्या किंवा दुधी डब्यावर पिवळं कमी डोळ्यात भरतं म्हणून गेल्यासारखं वाटतं. सोडा आणि लिंबू एकत्र घातले तर ते एकमेकांनाच संपवतात. फेसाने एखादा चिकटलेला कण सुटेल, पुढे राहतं ते खारट पाणी.

आता करायचं काय. पहिल्या डब्यापासून सांगतो, कारण तो नक्की सुधारेल.

डबा अगदी कोरडा असताना त्यात मोठा चमचाभर बेसन घ्या आणि बोटांनी सगळीकडे चोळा, कोपऱ्यात जास्त. बेसन नको असेल तर तांदळाची पिठी किंवा गव्हाचा कोंडा. पीठ तेल ओढून घेतं, ते कागदाने पुसून कचऱ्यात टाका. मग पाणी न लावता लिक्विडचे दोन-तीन थेंब थेट डब्यात टाकून मऊ स्पंजने मिनिटभर चोळा. त्यानंतर हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्याने धुवा. आधी पाणी ओतलं की साबण पातळ होतो आणि तेल नुसतं सगळीकडे पसरतं, म्हणून हा क्रम. तेल गेलं की नाही ते बोटाने कळतं. ओल्या डब्यात अंगठा दाबून फिरवला की करकर वाजला पाहिजे. घसरला तर पुन्हा धुवा. पाण्याचे थेंब गोळा होतात म्हणजे तेल आहे असं समजू नका, पीपीवर पाणी नेहमीच थेंबाथेंबाने उभं राहतं.

आता ऊन. तेलाचा थर गेलेला डबा, डागाची बाजू सूर्याकडे करून, अकरा ते तीन या वेळात गच्चीत किंवा ग्रिलवर ठेवा. मधून फिरवा. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, तो तुटतो. कडक उन्हात हळदीचा ताजा डाग एका दुपारीही बराच उतरतो, जुन्याला अजून एक-दोन दुपारी लागतात. साबणाने जे होत नाही ते उन्हाने होतं, कारण उजेड प्लॅस्टिकच्या आत शिरतो, साबण शिरत नाही.

फक्त डाग गेला की डबा आत घ्या. पीपी उन्हात महिनोन्महिने राहिलं की ठिसूळ होतं. दोरीवरचे कपड्यांचे चिमटे हातात मोडतात ते त्यामुळेच.

सुमनताई_जोशी

कुंकवाचं उदाहरण पटलं. आमच्या लहानपणी हळदीच्या साड्या उन्हात वाळत घालायच्या नाहीत, सावलीत घालायच्या, असं आई बजावायची. तेच हे. पण दादा, वासाला लिंबू चालतंच. मासे साफ केल्यावर हाताला लिंबू चोळलं की वास जातो हे मी रोज बघते.

मालवणी_वहिनी

सुमनताई, मासळीच्या वासाला तुमचं अगदी खरं. आमच्याकडे भांड्याला चिंचेचं कोळ नाहीतर कोकमाचं आगळ लावून ठेवतात, मग धुतात. आंबट लागलं की मासळीचा वास मरतो. पण सोडा अजिबात घालू नये, सोड्याने बोंबलाचा वास उलट वर येतो.

मृण्मयी, सुक्या मासळीचं मात्र ओल्या बांगड्यासारखं नसतं. बोंबील भाजून चटणी केली की त्यात लसूण, मिरची, तेल. वासातला अर्धा भाग मासळीचा, अर्धा लसणाचा. आगळाने मासळीचा कमी होईल. लसणाचा राहतो आणि तो घरातल्या बाकीच्या डब्यांनाही लागतो.

साचेवाला

वहिनी म्हणतात ते बरोबर आहे. मासळीचा वास अल्कली गुणाचा असतो, आंबटाने तो उडायचा थांबतो आणि पाण्यात विरघळून धुतला जातो. लसूण-कांद्याचा वास गंधकाच्या संयुगांचा, त्याला लिंबाने फरक पडत नाही. खवट झालेल्या तेलाचा वास मात्र काही अंशी आंबट गुणाचा, तिथे खायचा सोडा थोडाफार उपयोगी. तांब्याभर कोमट पाण्यात दोन चमचे सोडा, रात्रभर डब्यात भरून ठेवायचं. म्हणून आधी नाकाने ठरवा की वास कुठल्या जातीचा आहे. मासळी असेल तर आंबट, खवट असेल तर सोडा, दोन्ही असेल तर एक दिवस हे, मधे धुऊन दुसऱ्या दिवशी ते. एकत्र नाही.

त्याआधी एक चाचणी करा, कारण माझा संशय डब्यावर नाही, रिंगवर आहे. झाकणातली रिंग काढा. बोथट चमच्याच्या दांड्याने किंवा आइस्क्रीमच्या काडीने एका कोपऱ्यातून उचलली की सुटते, सुरीने उचलू नका, कापली जाते. रिंग एका स्वच्छ स्टीलच्या डबीत, झाकण एका पातेल्याखाली, डबा दुसऱ्या पातेल्याखाली, असं तिघांना रात्रभर वेगळं झाकून ठेवा. सकाळी तिन्ही उघडून हुंगा.

मृण्मयी_ठाणे

चाचणी झाली. डब्याला वास नाही म्हटलं तरी चालेल, अगदी नाक आत घातलं तर किंचित. झाकणाला थोडा. रिंगच्या डबीचं झाकण उघडल्यावर मात्र स्वयंपाकघरभर बोंबील! रिंगच्या खाचेत काळपट चिकट थर होता, त्यात पिवळे कण. इतके दिवस मी डबा घासत बसले होते.

साचेवाला

तो थर म्हणजे तेल, मसाला आणि ओलावा. खाच दात घासायच्या जुन्या ब्रशने लिक्विड लावून साफ करा. रिंग बहुतेक सिलिकॉनची असते, ती साध्या पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळली तरी चालते. ताणून सोडल्यावर लगेच पहिल्या आकारात आली आणि उकळून मऊ-चिकट झाली नाही तर ठीक. मग पाणी बदलून परत एकदा उकळा आणि पुसून मोकळ्या हवेत ठेवा, बंद डबीत नाही. सिलिकॉन वास शोषतं तसा सोडतंही, पण हळूहळू, चार-सहा दिवस मोकळं ठेवायची तयारी ठेवा. झाकण मात्र उकळू नका. डबा ५ नंबरचा असला तरी झाकण वेगळ्या, मऊ प्लॅस्टिकचं असू शकतं, ते उकळत्या पाण्यात वाकतं आणि मग क्लिपा बसत नाहीत.

अजून एक. झाकण कानाशी धरून हलवा. काही झाकणं दोन पदरी असतात, वरचा आणि खालचा तुकडा जोडलेला. जोड सुटला की धुताना पाणी आत जातं आणि तिथेच कुबट होतं. आत पाणी खळखळलं तर त्या झाकणाला इलाज नाही, झाकण बदला.

लीड्सकर

मृण्मयी यांचा धागा वाचून माझी गोष्ट. मी इंग्लंडमध्ये आहे, डिसेंबरात इथे चारच्या आत अंधार पडतो आणि ऊन बघायला मिळतं तेही पाचदहा मिनिटं. आमच्याकडे डिशवॉशर आहे, त्यात डबा घातला की हळद जास्तच पक्की बसते असं वाटतं. खिडकीच्या काचेमागे ठेवून काही होतं का? आमच्या रविवारच्या डाळीने सगळे डबे पिवळे केलेत.

साचेवाला

लीड्सकर, काचेमागे होतं, फक्त वेळ लागतो. हळद निळ्या-जांभळ्या उजेडानेही तुटते, आणि तो काचेतून येतो. दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवून द्या, ढगाळ दिवसातही थोडं चालू राहतं. डिशवॉशरमध्ये डबा वरच्या रॅकवर ठेवा आणि घालण्याआधी कागदाने तेल पुसा. नाहीतर गरम पाण्याच्या फवाऱ्याने एका डब्याचं तेल बाकीच्यांनाही लागतं.

औषधवाला_राहुल

मी मेडिकल चालवतो. ऊन नसेल तर स्पिरिट वापरा. सर्जिकल स्पिरिट किंवा सत्तर टक्के अल्कोहोलवाला सॅनिटायझर कापसावर घेऊन डागावर चोळा, कापूस पिवळा होतो, म्हणजे हळद निघते. गॅस पेटलेला असताना करू नका, आणि नंतर साबणाने नीट धुवा. वरवरच्या डागाला चांगलं, खोल गेलेल्याला निम्मंच.

शेवटचा उपाय म्हणजे ब्लीच. साधं, सुगंध न घातलेलं, लादीला वापरतो ते. लिटरभर गार पाण्यात एक मोठा चमचा, डब्यात अर्धा तास भरून ठेवा, खिडकी उघडी. मग भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. त्याआधी किंवा नंतर लगेच लिंबू, व्हिनेगर, आगळ काही लावू नका. ब्लीचमध्ये आंबट पडलं की क्लोरीन वायू निघतो, बंद मोरीत हा खेळ नको.

सुमनताई_जोशी

खाण्याच्या डब्यात ब्लीच? मी नाही लावणार. पोरं त्यातून जेवतात.

औषधवाला_राहुल

ताई, इतकं पातळ करून आणि पूर्ण धुऊन घेतल्यावर त्यात धोका मला दिसत नाही. पिण्याच्या पाण्यालाही याच जातीचं औषध टाकतात. पण नको वाटत असेल तर ऊन आहेच, जबरदस्ती नाही.

सुमनताई_जोशी

टाकीतलं औषध मोजून टाकतात, आपण चमच्याने ओततो. मी उन्हावरच राहीन.

मृण्मयी_ठाणे

माझंही मन ब्लीचला तयार होत नाही, विशेषतः खरखरीत झालेल्या डब्यात. तर आता हालहवाल सांगते.

पहिला, मटकीचा डबा. बेसन चोळून कागदाने पुसलं तेव्हा कागद चांगलाच पिवळा झाला, म्हणजे मी धुतलेला समजत होते त्यावरही तेल होतं. लिक्विड, गरम पाणी, अंगठ्याची करकर, मग ग्रिलवर ऊन. पहिल्याच दुपारी ग्रिलच्या गजाच्या सावलीत राहिलेली पट्टी पिवळी आणि बाकीचा भाग फिका, इतका स्वच्छ फरक दिसला की सासूबाईंना बोलावून दाखवला. मग फिरवून ठेवला. आता कोपऱ्यात पुसटसं आहे.

तिसऱ्याच्या रिंगचं दोनदा उकळून झालं. झाकणाला आगळ चोळून ठेवलं. मासळीचा वास गेला, रिंगला लसणाचा पुसट येतो, ती खिडकीत टांगून ठेवलीय.

दुसरा, कटाचा, अजून तसाच आहे. केशरी पट्टा उन्हाने थोडा उतरला पण हळदीसारखा झटकन नाही, आणि खरखर गेलेली नाही. सगळा कट डब्याच्या बुडापर्यंत होता तर पट्टा वरच का पडला?

साचेवाला

कारण तर्री वर तरंगते. मायक्रोवेव्हमध्ये रश्श्यातलं पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, उकळून वाफ होतं. तेलाला तसं बंधन नाही, वरचा तवंग कितीतरी जास्त तापतो. पीपी साधारण एकशे साठला वितळतं, त्याच्या आधीच मऊ पडतं. जिथे तवंग डब्याच्या भिंतीला टेकला त्या गोल रेषेत प्लॅस्टिकचा पृष्ठभाग मऊ होऊन उठला आणि रंगीत तेल त्यात जाऊन बसलं. नखाला खरखर लागते ती ही. डब्यावर मायक्रोवेव्हला चालेल असं लिहिलेलं असतं ते पाणीदार अन्नासाठी धरा. तर्री, तुपाची फोडणी, चीज, हे वेगळ्या भांड्यात काढून गरम करायचं.

उठलेला पृष्ठभाग परत गुळगुळीत होत नाही. केशरी रंग उन्हाने अजून उतरेल, मिरचीच्या रंगाला वेळ जास्त लागतो, पण खड्डे राहतील आणि प्रत्येक रश्श्याला तिथेच रंग धरतील. पॉलिश पेपरने घासू का असं विचाराल, तर नका, ओरखडे वाढतील.

मालवणी_वहिनी

आमच्या शेजारी एकीने नवीन डब्याला आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवून मग भाजी भरायला सुरुवात केली, डाग पडत नाही म्हणते. खरं का हे?

साचेवाला

वहिनी, थोडंफार खरं. आधीच बसलेलं बिनरंगी तेल पहिली जागा घेतं, त्यामुळे हळदीचं तेल थेट भिंतीला कमी लागतं. उसळ गार करून भरली असेल तर फरक दिसतो. गरम भरली तर दोन्ही तेलं एकत्र होतात आणि मग हळद त्यातूनच जाते. मला विचाराल तर तेल लावण्यापेक्षा भाजी कोमट होईपर्यंत थांबणं जास्त उपयोगी. सकाळी पावणेसातला ज्यांचा डबा निघतो त्यांना ते जमत नाही, हेही खरं.

जुन्या डागावर मात्र तेलाची एक गंमत चालते. थोडं खोबरेल डागावर चोळून तासभर ठेवा, कागदाने पुसा. रंग नव्या तेलात थोडा उतरतो. मग बेसन-लिक्विडची धुलाई, मग ऊन. मृण्मयीताई, केशरी पट्ट्यावर हे करून बघा.

पक्या_मिरज

डबा ऑफिसातनं रिकामा झाल्यावर लगेच विसळला तर? आमच्यात कुणीच विसळत नाही, संध्याकाळपर्यंत तसाच बंद.

साचेवाला

तेच सगळ्यात मोठं, पक्या. जेवण झालं की टिश्यूने पुसून, थोड्या पाण्याने विसळून, झाकण किंचित उघडं ठेवून पिशवीत टाकायचा. बंद डब्यात तेल आणि ओलावा मिळून दुपारचे चार तास काढतात, त्यात उन्हाळ्यात गाडीत ठेवलेला असेल तर आणखी. तुमची पिशवी तेलकट होते तीही झाकणाच्या काठावर राहिलेल्या तर्रीमुळे होत असेल, रिंग आणि खाच पुसून बघा.

मृण्मयी_ठाणे

नवऱ्याला टिश्यूची पुडी बॅगेत घालून दिलीय, तो करेल. खोबरेल रविवारी लावते. कटाच्या डब्याला आता मायक्रोवेव्ह बंद, त्यात भाकरी आणि काकडी जाईल. रिंग बदलून मिळते का हे विचारायचं राहिलं, दुकानात विचारलं तर म्हणाले पूर्ण झाकणच घ्यावं लागेल.

साचेवाला

काही बनवणारे वेगळी देतात, काही देत नाहीत. जुनी रिंग सोबत घेऊन भांड्यांच्या मोठ्या दुकानात जा. लांबी जुळली तरी जाडी जुळली पाहिजे, जाड बसली तर क्लिपा लागत नाहीत, पातळ बसली तर रस्सा गळतो.